एसटीचा कंडक्टर आणि जर्मन रेल्वेचं तिकीट

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. चहा घेऊन बसा.

संध्याकाळी फ्रँकफर्टहून आयसीईने, म्हणजे इथल्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीने, घरी येत होते. शेजारच्या सीटवर एक मुलगी. गाडी हलायच्या आधीच तिने फोन लावला, "आई, बसले गं गाडीत. हो, खिडकी मिळाली." कान टवकारले माझे. नांदेडची निघाली, इथे येऊन तीन आठवडे झालेत. गाडी सुटून पाचच मिनिटं झाली असतील, तिकीट तपासनीस आला. तिने फोन पुढे केला. तो बघतो, परत बघतो, आणि म्हणतो, हे तिकीट नाही, हे फक्त सीटचं आरक्षण आहे. तिला कळेचना. स्क्रीनवर तारीख आहे, गाडीचा नंबर आहे, `Wagen` म्हणजे डबा क्रमांक आहे, सीट नंबर आहे. पैसे भरलेत, साडेपाच युरो. अजून काय हवं?

समोर बसलेला एक आपलाच माणूस, देशी, लॅपटॉपवाला, मान न वळवता म्हणाला, "वाचायचं ना मग."

तिथेच माझी सटकली.

वाचायचं ना मग! अरे, वाचलंच होतं तिने. सगळं वाचूनच चढली होती. ॲपमध्ये गाडी शोधताना `Nur Sitzplatz` असा एक पर्याय असतो, म्हणजे "फक्त सीट", ज्यांच्याकडे तिकीट आधीपासून आहे त्यांच्यासाठी. ती त्यात शिरली, आणि फ्रँकफर्ट ते मानहाइम साडेपाच युरोत मिळतंय म्हणून खूश झाली. ज्या मुलीने आयुष्यभर आपल्या रेल्वेचं तिकीट काढलंय तिच्या डोक्यात तिकीट आणि सीट या दोन वेगळ्या वस्तू असणार कुठून? आपल्याकडे पीएनआर कन्फर्म झाला की गाडी, वर्ग, डबा, बर्थ, सगळं एकाच चिठ्ठीत. नाहीतर मग जनरलचं तिकीट, ज्यात यातलं काहीच नाही. मधलं काही आपण बघितलेलंच नाही.

आणि इथे सगळा खेळ त्या मधल्यातच आहे.

माझ्या बाबांचं सांगते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाबा एसटीत कंडक्टर होते, वाईच्या डेपोला, ३१ वर्षं. तिकिटांची पत्र्याची पेटी, चामड्याची पैशांची पिशवी आणि तो पंच, ज्याची टकटक ऐकून झोपलेला माणूस जागा व्हायचा. सहा किलोमीटरचा एक टप्पा, कोण कुठल्या टप्प्याला चढला आणि कुठपर्यंतचं तिकीट आहे, सगळं तोंडपाठ. पाचवडपर्यंतचं तिकीट काढून साताऱ्यापर्यंत झोपेचं सोंग घेणाऱ्याला बाबा बरोबर पाचवडच्या फाट्यावर हलवायचे. म्हणजे तिकिटाच्या बाबतीत या माणसाला कुणी शिकवावं अशी परिस्थिती नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. मी हायडेलबर्गला, भाऊ बर्लिनला. त्या दोघांना एकट्यांनीच भावाकडे जायचं होतं, बाबांचा हट्ट. मी तिकिटं काढली. ॲप तीन भाव दाखवतं: `Super Sparpreis`, `Sparpreis`, `Flexpreis`. स्वस्त, जरा कमी स्वस्त, आणि डोळे पांढरे करणारं. मी अर्थातच पहिलं घेतलं. वर दोघांच्या सीटचे वेगळे पैसे भरले, कारण स्वस्त तिकिटात सीट येत नाही. महागातही येत नाही, हे अजून एक! दुसऱ्या वर्गात सीट ही नेहमीच वरून विकत घ्यायची गोष्ट. (पहिला वर्ग, दुसरा वर्ग एवढं मात्र आपल्या लोकांना लगेच कळतं. ज्यात चुकायला होत नाही ते बरोबर समजतं.)

प्रवास असा होता. हायडेलबर्गहून लोकलने मानहाइम, वीसेक मिनिटं. तिथून साडेदहाच्या सुमाराची आयसीई, थेट बर्लिन.

बाबा नेहमीप्रमाणे दोन तास आधी स्टेशनवर. समोर आधीची लोकल उभी होती, त्यातच बसले. यात काही चुकलं नाही बरं का. तिकिटावर मार्गाची एक ओळ असते, त्यात `NV*` लिहिलेलं असेल तर त्या तुकड्यापुरती लोकल कुठलीही चालते. `NV` म्हणजे जवळपासच्या गाड्या, आरई, आरबी, एस-बान वगैरे. पुढे स्टेशनचं नाव, वेळ आणि ICE असं येतं, तिथे मात्र तीच गाडी. मी बाबांना ही ओळ दाखवली होती आणि त्यांना ती फार आवडली होती. "म्हणजे टप्पाच की हा," म्हणाले.

मानहाइमला उतरले तर फलाटावर आयसीई उभी, पाटीवर बर्लिन. त्यांच्याच मार्गावरची, पण दोन तास आधीची, चाळीस मिनिटं उशिराने आलेली. बाबांनी आईला हात दिला आणि चढले. त्यांचं डोकं असं चाललं की, पोरगी म्हणाली होती गाडी वीस मिनिटांपेक्षा जास्त लेट असली की बंधन सुटतं. ही तर चाळीस मिनिटं लेट आहे. सुटलं बंधन.

आता सांगा, यात बाबा कुठे चुकले?

चूक माझी. मी अर्धंच सांगितलं होतं. त्या `Zugbindung` नावाच्या शब्दाचा अर्थ एवढाच की स्वस्त तिकीट ठरलेल्या आयसीईला बांधलेलं असतं. *आपण* मुक्कामाला वीस मिनिटं किंवा त्याहून उशिरा पोचणार असं दिसायला लागलं, की ती गाठ सुटते आणि मग त्या मार्गावरची दुसरी गाडी धरता येते. पण उशीर आपल्या प्रवासाला व्हायला हवा. दुसऱ्याची गाडी चार तास लेट असली तरी आपलं तिकीट जिथल्या तिथे. बाबांची स्वतःची गाडी त्या दिवशी अगदी वेळेवर होती, नेमकी.

बाबांनी तिकिटावरचाच डबा शोधला, त्याच नंबरच्या सीट शोधल्या आणि बसले. दोन मिनिटांत एक जर्मन आजी-आजोबा येऊन नम्रपणे म्हणाले, या आमच्या. नंबर जुळत होता, डबा जुळत होता, गाडी जुळत नव्हती. आरक्षण त्या एका गाडीतल्या त्या एका खुर्चीचं असतं, ते आपल्याबरोबर दुसऱ्या गाडीत येत नाही. गाठ रीतसर सुटली तरीसुद्धा नाही! तेव्हा गाडी बदलायला मोकळे असता, पण खुर्ची मागेच राहते.

मग तपासनीस आला. आईने मला फोन लावला, रडवेली. फोन त्या माणसाच्या हातात. मी जर्मनमध्ये गयावया. पूर्ण भावाचं नवीन तिकीट मागायचा त्याला हक्क होता आणि दोन माणसांचे ते पैसे ऐकून आईला तिथेच भोवळ आली असती. पण तो म्हणाला, फ्रँकफर्टला उतरा, तुमची खरी गाडी सव्वा तासाने तिथेच येईल, तुमच्या सीट तिच्यात तुमची वाट बघतायत. आणि स्वतः त्यांची बॅग उतरवून दिली. देव भलं करो त्याचं.

हां, आता कुणीतरी म्हणेल, ॲपमध्ये सगळं लिहिलेलं असतं. असतं. भाषा इंग्रजीही करता येते. मान्य. पुढे चला.

कारण प्रश्न भाषेचा नाहीच. आपल्या आरक्षित तिकिटावरही गाडी नेमलेलीच असते, पण तिच्याबरोबर जागाही नेमलेली असते, म्हणून त्या बंधनाला वेगळं नाव द्यायची वेळच आपल्यावर आली नाही. इथे गाडी नेमलेली पण जागा नाही, असं तिकीट मिळतं. जागा नेमलेली पण तिकीटच नाही, असा कागदही मिळतो, आजच्या मुलीसारखा. आणि `Flexpreis` म्हणजे आपलं जनरलचं तिकीट, पण जे वंदे भारतलाही चालेल: `Gültigkeit` समोरच्या मुदतीत त्या मार्गावर कुठल्याही गाडीत चढा, जागा मिळाली तर बसा, नाहीतर दाराशी बॅगेवर. सगळ्यात महाग तिकीट काढून माणूस दाराशी बॅगेवर! हे कुणाच्या बापाला पहिल्या फटक्यात कळणार आहे?

माझ्या तर नाहीच कळलं, आणि तो बाप कंडक्टर होता.

मी तरी कुठली शहाणी. त्याच तिकिटांच्या वेळी माझ्या प्रोफाइलमध्ये माझं सवलतीचं कार्ड आधीच भरलेलं होतं, ते काढायला विसरले. तिकिटावर बाबांच्या नावापुढे `BC25`. ते कार्ड ज्याच्या नावाचं त्यालाच चालतं, बाबांकडे ते नव्हतं. प्रवासाच्या आठवडाभर आधी लक्षात आलं. `Sparpreis` असतं तर दहा युरो कापून उरलेल्याचं कूपन तरी मिळालं असतं. `Super Sparpreis` रद्दच होत नाही. पैसे गेले, पुन्हा काढलं. नऊ वर्षं राहतेय मी इथे. त्यामुळे त्या लॅपटॉपवाल्याला बोलायला माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, ते गिळलं, कारण त्या मुलीकडे वेळ नव्हता.

गाडी सुटल्यापासून दहा मिनिटांच्या आत फोनवरून तिकीट काढता येतं. त्यातली सहा गेली होती. तपासनीस समोर उभा, तिचे हात थरथरतायत, कार्डाचा ओटीपी येईना. मी माझ्या फोनवरून तिच्या नावाने काढलं. तो थांबला, स्कॅन केलं, "अलेस गूट" म्हणाला आणि पुढे गेला. त्या खिडकीच्या सीटवरून तिला कुणी उठवलं नाही, ती तर रीतसर तिचीच होती.

मानहाइम येईपर्यंत ती एकच प्रश्न विचारत होती, "ताई, मग मी साडेपाच युरो कशाचे भरले?" खिडकीचे, बाळा.

घरी येऊन बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिलं काय विचारलं माहितीये? "उतरवली का तिला?"

नाही म्हटलं.

"बरं झालं. मला मात्र बरोबर उतरवलं होतं हां त्याने. मागच्या गाडीचं तिकीट घेऊन कुणी माझ्या गाडीत बसला असता तर मीही उतरवलाच असता." जरा थांबून म्हणाले, "पण बॅग नसती दिली खाली."