मावशी, लेकराच्या डोळ्यात एरंडेल टाकू नका

"नवजात बाळाचे दोन डोळे वेगळ्या रंगाचे दिसले तर ते ग्रहणामुळे. रोज आईचं दूध आणि एरंडेलाचा एक थेंब टाका, ४० दिवसांत दोन्ही सारखे. मोठ्या माणसाच्या डोळ्याचा रंग बदलला तर घाबरू नका, लिव्हर साफ होतंय. पुढे पाठवा."

मावशीनं हे थेट माझ्या बहिणीला पाठवलं, जिचं लेकरू १९ दिवसांचं आहे आन ज्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा घारा दिसते. संध्याकाळी पाहतो तर पाळण्याजवळ एरंडेलाची बाटली! म्हणून लिहितो बाप्पा.

ग्रहणाचं सोडा, त्यावर दोन ओळी घालवत नाही. डोळ्याचा रंग म्हणजे बाहुलीभोवतीच्या पडद्यातलं मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य. ते जन्मानंतरही भरत राहते, बहुतेकदा पहिल्या वर्षात, काही लेकरांत तीन वर्षांपर्यंत. आपल्याकडं बहुतेक पोरं जन्मतःच तपकिरी डोळ्यांची असतात, म्हणून एक घारा निघाला की लगेच नजरेत भरते. पुष्कळदा तेवढंच असते, पुढं काहीच निघत नाही. पण त्याच बाजूची पापणी जरा खाली आलेली आन बाहुली बारीक असेल तर दाखवावं लागते, मज्जातंतूचा प्रश्न असू शकते. कपाळावर पांढरी बट किंवा फिका निळा डोळा असेल तर कान तपासा, वार्डेनबर्ग नावाच्या डच डॉक्टरनं १९५१ मध्येच हे बहिरेपणाशी जोडून दाखवलं. आन ज्याले लोक "निळा डोळा" म्हणतात तो कधीकधी रंगच नसते: बुबुळ मोठं, धुरकट, पाणी वाहते, उजेडात लेकरू डोळा उघडत नाही, तो काचबिंदू. बाहुलीतच पांढरं चमकलं तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या. आता सांगा, यात एरंडेल काय करणार?

थेंबांनी रंग बदलते हे मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. काचबिंदूचे लॅटानोप्रॉस्टसारखे थेंब महिनोन्‌महिने टाकले तर काहींचा डोळा गडद होते, आन तो रंग बहुतेक परत जात नाही. ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, आईचं दूध नाही. दुधानं काहीच होत नाही, फक्त जंतूंना खायला मिळते.

आता लिव्हरचं, कारण खरा राग याच्यावर आहे. आमच्या मामांनी गेल्या दसऱ्याच्या आधी कल्टिव्हेटरची अडकलेली पिन छन्नी लावून हातोडीनं काढली. छन्नीचं डोकं मार खाऊन खाऊन छत्रीसारखं पसरलेलं होतं, तिथूनच तुकडा उडाला. डोळ्यात टोचल्यासारखं झालं, दोन दिवस पाणी आलं, मेडिकलमधून थेंब आणले, बरं वाटलं. जखम एवढी बारीक की आपोआप बंद झाली आन सगळे विसरले. माघात लग्नाच्या फोटोत मामीनं पाहिलं, उजवा डोळा गंजल्यासारखा लालसर तपकिरी. बाहुलीही डाव्यापेक्षा मोठी, अन् टॉर्च मारला तर आवळायला मागेना. मामा म्हणे, संध्याकाळी बांधावरून चालताना अंधार लवकर पडते. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच, पोट साफ करा, उतरते.

नागपूरच्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "लोखंडावर ठोकाठोक केली होती का?" लोखंडाचा कण आत राहिला की गंज डोळ्यात पसरते, बाहुलीभोवतीच्या पडद्यावर रंग चढते आन मागच्या नेत्रपटलाच्या पेशी मरत जातात. सीटी स्कॅनमध्ये कण दिसला. एमआरआय मुद्दाम केला नाही, कारण त्या चुंबकानं लोखंड आतल्या आत सरकते. ऑपरेशन करून कण काढला, पण नजर आधी होती तेवढी परत आली नाही. चार महिने गेले होते ना. ज्या दिवशी टोचलं त्याच दिवशी गेले असते तर वेगळी गोष्ट होती.

कण नसला तरी डोळा एकाएकी फिका पडणं हे आतल्या जुन्या सुजेचं लक्षण असू शकते, गडद डाग वाढत असेल तर गाठही. अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांच्या अकॅडमीचंही म्हणणं एवढंच आहे की मोठ्या माणसाच्या डोळ्याचा रंग बदलला की तपासून घ्या.

आन हो, लिव्हरशी संबंध असलेला एक आजार खरंच आहे, विल्सनचा. त्यात बुबुळाच्या कडेला तांब्याचं कडं दिसते. पण ते साफ झाल्याचं नाही, तांबं साचल्याचं लक्षण आहे. मावशी, तुमचा मेसेज नेमका उलटा आहे.

बाटली मी उचलून स्वयंपाकघरात ठेवली. सोमवारी लेकराला घेऊन जातो, डोळे दाखवायला अन् कानाची तपासणीही करायला.