२६एएसमध्ये टीडीएस कमी दिसला म्हणजे पैसे बुडाले?

"पगाराच्या स्लिपवर टीडीएस कापलाय पण २६एएसमध्ये कमी दिसतोय म्हणजे कंपनीने तो खाल्ला. रिटर्नमध्ये २६एएसचाच आकडा टाका, फरक गपचूप खिशातून भरा आणि विषय संपवा."

असा सल्ला कोणी दिला तर लगेच ऐकू नका. २६एएस म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचं आयकर खात्याकडचं स्टेटमेंट, त्यामुळे "खाल्ला" म्हणण्याआधी तारीख बघा. कंपनीने जानेवारी ते मार्चचं पगाराचं टीडीएस रिटर्न, म्हणजे २४क्यू, भरायची मुदत ३१ मे असते आणि ते प्रोसेस झाल्याशिवाय त्या तीन महिन्यांच्या एंट्र्या दिसतच नाहीत, त्यामुळे मे महिन्यात २६एएस उघडून घाबरण्यात काही अर्थ नाही.

दुसरं म्हणजे फरक नीट काढा. माझ्या चुलतभावाने गेल्या वर्षी स्लिपांची बेरीज ८०,५०० केली आणि २६एएसमध्ये ५८,५००, म्हणजे २२,००० गेले म्हणून रडकुंडीला आला होता. स्लिपा समोर घेऊन बसलो तर त्याने पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्सपण धरलेला, २०० चे अकरा महिने आणि फेब्रुवारीचे ३००, झाले २,५००. तो राज्य सरकारकडे जातो, २६एएसमध्ये येणारच नाही. उरले १९,५००, महिन्याला ६,५०० प्रमाणे बरोबर शेवटचे तीन महिने. जूनअखेरपर्यंतही ते आले नाहीत म्हणून फॉर्म १६ चा पार्ट ए काढला, त्यात तिमाहीवार किती कापले, किती भरले ते असतं, आणि त्यातही चौथी तिमाही रिकामी. अकाउंट्सला मेल टाकला तेव्हा कळलं की चलन वेळेत भरलेलं, पण २४क्यूमध्ये पॅनचं एक अक्षर चुकलेलं. त्यांनी करेक्शन भरलं आणि काही आठवड्यांनी एंट्री आली, स्टेटस F, म्हणजे फायनल. थोडक्यात, कोणी काही खाल्लं नव्हतं.

आता "फरक खिशातून भरा". हे तर अजिबात करू नका, कारण पगार तुम्ही पूर्णच दाखवणार, म्हणजे एकाच पगारावर दोनदा टॅक्स भरल्यासारखं होतं. आयकर कायदा १९६१ चं कलम २०५ स्पष्ट सांगतं की पगारातून टॅक्स कापला गेला असेल तर तेवढा पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, आणि कंपनीने तो भरला नाही म्हणून कर्मचाऱ्यावर वसुलीची जबरदस्ती करू नका असं आयकर खात्याचं वरिष्ठ मंडळ सीबीडीटीने १ जून २०१५ च्या पत्रात अधिकाऱ्यांना कळवलंय.

पण याची मर्यादाही समजून घ्या. क्रेडिट कंपनीच्या रिटर्नवरूनच मिळतं, त्यामुळे पूर्ण आकडा क्लेम केलात तर रिटर्न तपासून आयकर खातं कलम १४३(१) ची जी सूचना पाठवतं तिच्यात फरकाची डिमांड येऊ शकते, तेव्हा आयकर पोर्टलवर डिमांडला असहमती नोंदवायची आणि स्लिपा, निव्वळ पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट आणि कंपनीला केलेले मेल जपून ठेवायचे. वसुली यामुळे थांबवता येते, पण रिफंड मात्र कंपनीने करेक्शन भरल्याशिवाय सहसा सुटत नाही, म्हणून मुदत असेल तर आधी अकाउंट्सच्या मागे लागा, रिटर्न नंतर भरा.