आडनाव कळले की संभाषण संपते

लग्नाच्या स्वागत समारंभात आपल्या समाजातील सुशिक्षित माणसे अनोळखी माणसाशी ज्या पद्धतीने बोलायला लागतात, तिचा मला मनापासून संताप येतो, आणि तो आज स्पष्टपणे लिहून टाकायचा आहे. ज्यांच्याकडे कार्य असते त्या एका कुटुंबाखेरीज आपल्या ओळखीचे तिथे कोणीच नसते, आणि ते कुटुंब तर सायंकाळभर व्यासपीठावर अडकलेले असते. आपण रांगेतून वर जातो, यजमान प्रेमाने हात हातात घेतात, छायाचित्रकार सगळ्यांना समोर बघायला सांगतो आणि ‘जेवल्याशिवाय जायचे नाही’ हे ऐकेपर्यंत मागच्या माणसाला जागा देण्यासाठी आपण दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या उतरू लागलेलो असतो. त्यानंतरचा सगळा वेळ अनोळखी माणसांमध्येच जायचा असतो.

अनोळखी माणसाशी बोलायला माझी हरकत नाही. उलट मी स्वतःहून बोलायला जातो. मी आधी स्वतःचा धागा सांगतो आणि मग समोरच्याचा विचारतो: ‘मुलीचे वडील आणि मी एकाच कार्यालयात होतो. आपण मुलाकडचे का?’ अशा ठिकाणी दोघांमध्ये समान असलेली एकमेव गोष्ट म्हणजे ते यजमान कुटुंब, म्हणून बोलणे तिथूनच सुरू होणे स्वाभाविक आहे; आणि स्वतःबद्दल आधी सांगितले की समोरच्याला आपली उलटतपासणी चालली आहे असे वाटत नाही. त्याने उत्तर देऊन आपल्यालाही काही विचारले, तर त्याला बोलायचे आहे असे समजावे. दोनदा नुसतेच ‘हो’ किंवा ‘अच्छा’ आले आणि नजर व्यासपीठाकडे वळली, तर ‘बरे, मी जरा जेवणाचे बघतो’ म्हणून उठावे. त्यात कोणाचाही अपमान होत नाही. डोशाच्या किंवा पाणीपुरीच्या रांगेत तर हे आणखी सोपे असते, कारण तिथे दोन-तीन मिनिटे शेजारी उभे राहावेच लागते आणि हातात बशी आली की निरोपही आपोआप होतो. एवढे साधे असताना आपल्याकडे पहिला प्रश्न आडनावाचाच का असतो?

मागच्या हंगामातील एका समारंभात जेवणाच्या गोल टेबलावर माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. मी वर लिहिल्याप्रमाणे बोललो. त्या हसल्या, मुलाच्या मावशी असल्याचे त्यांनी सांगितले आणि लगेच विचारले, ‘आपले आडनाव?’ मी जाधव असे सांगितले. ‘जाधव म्हणजे कुठले?’ साताऱ्याकडचे, मी म्हणालो. ‘साताऱ्यात कुठे?’ मी गावाचे नाव सांगितले. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. मग आईचे माहेर कुठले, आईचे माहेरचे आडनाव काय आणि शेवटी कुलदैवत कोणते, असे एकामागून एक प्रश्न आले. मी मुलीच्या वडिलांबरोबर कोणते काम करत होतो, मुलीला लहानपणापासून ओळखतो की नाही, एवढ्या लांबून आलो ते कसा आलो, यातले त्यांनी काहीही विचारले नाही. शेवटच्या उत्तरानंतर त्या ‘अच्छा’ म्हणाल्या, दोघांच्या मधल्या खुर्चीवरची पर्स उचलून त्यांनी मांडीवर घेतली आणि खुर्ची पलीकडच्या बाईंकडे वळवली. पुढे जेवण होईपर्यंत त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. माझ्या पानातला मसालेभात तसाच राहिला.

हे प्रश्न या क्रमाने का येतात, हे महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जाधव, शिंदे, पवार, मोरे, गायकवाड ही आडनावे अनेक जातींमध्ये आहेत. पाटील तर गावच्या वतनावरून पडलेले आडनाव असल्यामुळे किती समाजांत सापडेल ते सांगता येत नाही. नुसत्या आडनावावरून जात ठरत नाही, म्हणून मग गाव विचारायचे, आजोळ विचारायचे, कुलदैवत विचारायचे आणि उत्तर सापडेपर्यंत थांबायचे नाही. याला चौकशी म्हणतात, आपुलकी म्हणत नाहीत. ‘अहो, घरात लग्नाची मुले असतात, स्थळाच्या दृष्टीने विचारतात’ असे मला ऐकवले जाते. स्थळ बघायचे असेल तर ‘आमच्या मुलासाठी मुलगी बघतो आहोत’ असे सरळ सांगावे. माझ्या मुलाचे लग्न होऊन गेले आहे, आणि ते त्या बाईंनी विचारलेसुद्धा नाही.

माझा राग यजमानांवरही आहे. हॉल, फुलांची सजावट, भाताचे किती प्रकार ठेवायचे, सगळ्याचा महिनोन्महिने विचार होतो. पण ज्याला इथे कोणीही ओळखत नाही अशा पाहुण्याला कोणाशेजारी बसवावे, याचा विचार कोणीच करत नाही. पंगतीच्या काळात निदान शेजारचा माणूस जेवण होईपर्यंत शेजारी असे, आणि आग्रह करत फिरणारे यजमान ‘हे आमचे अमुक, आणि हे तमुक’ असे दोन शब्द बोलून जात. बुफेमध्ये ते संपले. यजमानांना व्यासपीठ सोडता येत नाही हे मला समजते, पण घरात मोकळे असलेले पुतणे-भाचे असतातच. त्यांतील एकाला ‘काका माझ्या कार्यालयातले आहेत, त्यांना आपल्या सोसायटीच्या मंडळींजवळ बसव आणि ओळख करून दे’ एवढे सांगायला किती वेळ लागतो? ओळख करून देताना नाते आणि व्यवसाय सांगितला की आडनावाची गरजच उरत नाही. ‘हे काकांबरोबर पाटबंधारे खात्यात होते, आणि या मुलाच्या मावशी, शाळेत गणित शिकवतात’ एवढे कोणी बोलले असते, तर आमचे पुढे काहीतरी बोलणे नक्कीच झाले असते.

आणि बोलायची तयारी असलेल्यांनीही बोलू नये, अशीच बाकीची व्यवस्था केलेली असते. पांढरी कापडे चढवलेल्या खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून ओळीने मांडतात, त्यामुळे शेजाऱ्याशी बोलायचे तर मान वाकडी करावी लागते. निम्म्या खुर्च्यांवर रुमाल आणि पिशव्या ठेवून जागा अडवलेल्या असतात. ध्वनिक्षेपकाचा आवाज तर असा असतो की नाव सांगायलाही ओरडावे लागते, आणि ओरडून कोणी कोणाची नीट विचारपूस करू शकत नाही. मोकळ्या लॉनवर रात्री १० वाजता नियमाप्रमाणे ध्वनिक्षेपक बंद होतो तेव्हा कुठे माणसांचे आवाज ऐकू येऊ लागतात, पण तोपर्यंत अर्धे पाहुणे गाडीकडे निघालेले असतात.

पुढच्या महिन्यात त्याच कार्यालयातील दुसऱ्या सहकाऱ्याच्या मुलाचा स्वागत समारंभ आहे आणि तिथेही मी फक्त त्यांच्या घरच्यांनाच ओळखतो. मी जाणार आहे, आणि शेजारच्याशी स्वतःहून बोलणार आहे. मात्र आडनावानंतर ‘म्हणजे कुठले?’ हा प्रश्न आला, तर त्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही आणि तो का विचारला, हे तिथेच सगळ्यांसमोर विचारणार आहे.