जळालेली मोटर आणि तिचं आधारकार्ड

बोअरमधली मोटर जळण्याचा मुहूर्त ठरलेला असतो. ऑक्टोबर छाटणी झालेली, बागेला पाणी हवंय, आणि निफाड-दिंडोरीकडचा एकही वायरमन फोन उचलत नाही, अशा वेळी ती जाते. त्यातून ती वॉरंटीत असली तर दुःख दुप्पट. कारण वॉरंटी संपलेली मोटर सरळ रिवाइंडिंगला टाकता येते. वॉरंटीतल्या मोटरचा मात्र आधी पंचनामा करावा लागतो.

आमच्या दाजींचंच घ्या. 5 एचपीची थ्री फेज मोटर, 400 फूट बोअर. लाइट आली, बटण दाबलं, पॅनेल खट्‌कन ट्रिप. पुन्हा दाबलं, पुन्हा ट्रिप. आता इथेच थांबायचं असतं, पण आपल्याकडे बटण दाबून बघण्याचा हक्क घरातल्या प्रत्येकाला असतो. काका दाबतात, पुतण्या दाबतो, वाट्याने द्राक्षं करणारा शेजारीही दाबून जातो. प्रत्येक दाबण्याला आत थोडं तांबं आणखी भाजतं आणि मूळ बिघाड कोणता होता हे सांगणारा पुरावा त्याच्याबरोबर जातो.

मोटर वर काढण्याआधीच अर्धा क्लेम तयार होऊ शकतो, हे फार कमी जणांना पटतं. मेन स्विच बंद करायचा, केबलच्या तिन्ही वायरी स्टार्टरमधून सोडवायच्या आणि मीटरने दोन-दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजायचा. दाजींच्या मोटरचे आकडे आले 4.6, 4.6 आणि 4.7 ओहम. आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का, हे महत्त्वाचं, कारण त्यात 400 फूट केबलचाही वाटा असतो. मग 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून वायर ते अर्थिंग तपासायचं. तिथे शून्य आलं. म्हणजे वायंडिंग तुटलेलं नाही, पण कुठेतरी इन्सुलेशन फुटून करंट जमिनीत उतरतोय. दोन्ही मीटरचे फोटो आकड्यांसकट काढायचे. मीटरच्या काचेत वायरमनचं बोट दिसलं तरी चालेल. आकडा दिसला पाहिजे.

मग घोडा, चेनपुली, पाइप, चिखल आणि दहा जणांचे दहा सल्ले या मार्गाने मोटर वर येते. आल्याबरोबर कुणीतरी पक्कड घेऊन केबलचा जॉइंट कापायला धावतो. त्याला आधी चहाला बसवावं. पाण्याखालचा जॉइंट हा या खटल्यातला मोठा संशयित. टेप सैल झाली, आत पाणी शिरलं, तर मेगर शून्य दाखवतो आणि मोटर बिचारी धडधाकट असते. म्हणून न कापलेल्या जॉइंटचा फोटो, मग कापल्यावर नुसत्या मोटरचा मेगर. मोटर चांगली निघाली तर क्लेम विसरा, नवा जॉइंट मारा आणि मोटर परत सोडा. दाजींची मोटर जॉइंट कापल्यावरही शून्यच दाखवत होती. दाजींना एवढा आनंद मोटर चालू असतानाही झाला नव्हता.

आता सीरियल नंबर. पंप वर आणि मोटर खाली, दोन्ही एकत्र जोडलेले, पण दोघांची प्लेट वेगळी आणि नंबरही वेगळे. बिलावर दुकानदाराने लिहिलेलं असतं ‘सबमर्सिबल सेट, 1 नग’. फॉर्मला हवा असतो मोटरचा नंबर, आणि लोक पंपाचा देतात, कारण तो डोळ्यांसमोर असतो. मोटरच्या नंबरावर चिखलाचा पापुद्रा असतो. तो काढायला काही उत्साही मंडळी तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर घेतात, आणि घासलेला नंबर म्हणजे खाडाखोड असं समजून क्लेम तिथेच बाद होतो. ओलं फडकं पुरेसं आहे. कोरलेला नंबर वाचता येत नसेल तर त्यावर खडूची पूड चोळावी आणि वरचं कोरड्या कापडाने पुसावं. अक्षरं पांढरी उमटतात.

फोटोचं म्हणाल तर स्टीलच्या बॉडीवर फ्लॅश मारला की नंबराच्या जागी सूर्य येतो आणि बाजूला काढणाऱ्याचं वाकडं झालेलं तोंड. फ्लॅश बंद करून टॉर्च एका बाजूने तिरपी धरावी. एक फोटो अख्ख्या सेटचा, एक प्लेट आणि तिच्या आजूबाजूची बॉडी दिसेल असा, एक नुसत्या नंबराचा. मधला फोटो सगळे गाळतात, आणि मग हा नंबर याच मोटरचा कशावरून, हा प्रश्न येतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, नाहीतर 8 आणि B यांत भाऊबंदकी होते. नंबर हाताने फॉर्मवर लिहिताना तर ती होतेच.

फॉर्मवरचा सगळ्यात धोकादायक रकाना म्हणजे ‘बिघाडाचं संभाव्य कारण’. तिथे घरोघरी उदारपणे लिहिलं जातं: ‘व्होल्टेज कमी होतं’, ‘एक फेज गेला होता’. दोन्ही कारणं वॉरंटीतून वगळलेली असतात, हे कार्डाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं. खोटं लिहू नये, पण जे पाहिलंच नाही ते खरं म्हणूनही लिहू नये. दाजींच्या फॉर्मवर एवढंच गेलं: ‘सकाळी मोटर सुरू करताच पॅनेल ट्रिप. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा. जॉइंट वेगळा करून मोटरचा मेगर शून्य. मोटर उघडलेली नाही.’ शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. गावातल्या वायंडरने ‘नुसतं बघतो’ म्हणून एक बोल्ट ढिला केला की ते लिहिता येत नाही.

पॅनेलचाही फोटो मागतात. तिथे जास्त करंट आला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेला बगल देऊन मारलेली वायर दिसली तर बाकी सगळे फोटो लग्नाच्या अल्बममध्ये लावायला मोकळे.

मोटर उघडतील तेव्हा सर्व्हिस सेंटरला स्वतः हजर राहावं आणि उघडलेल्या वायंडिंगचा फोटो नंबराच्या प्लेटसकट काढावा. आत स्टार जोडणी असेल आणि एक फेज गेल्याने मोटर जळाली असेल, तर तीनपैकी दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात, तिसरी नव्यासारखी राहते. लोड जास्त होऊन किंवा मोटर जाम होऊन जळाली तर तिन्ही सारख्याच करपतात. दाजींच्या मोटरमध्ये सगळं वायंडिंग स्वच्छ आणि एकाच खाचेत वाटाण्याएवढा काळा डाग. तरी तिथल्या साहेबांनी सवयीने ‘सिंगल फेजिंग’ म्हटलंच. मग तिन्ही सारख्या आकड्यांचा फोटो पुढे केला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फॉर्मवरचा शब्द खोडला.

बदली मोटर मिळाली की तिचा नंबर नवा असतो, वॉरंटी मात्र बहुतेक कार्डांप्रमाणे जुन्या बिलाचीच उरलेली. म्हणून जुन्या बिलावर नवा नंबर लिहून सही-शिक्का तिथेच घ्यावा. आणि मोटर 400 फूट खाली सोडण्याआधी प्लेटचे ते तीन फोटो पुन्हा. तेही नारळ फोडायच्या आधी, कारण ताई हळदकुंकू नेमकं सीरियल नंबरावरच लावते.