‘रडगाणं’ या शब्दाबद्दल

ऑफिसातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबाहेर राहण्यावर मी लिहिलेल्या लेखावर वाचकाची प्रतिक्रिया: “मॅडम, ऑफिस म्हणजे माहेर नव्हे. चार लोकांनी वेगळा ग्रुप केला म्हणून एवढं रडगाणं कशाला? नोटिफिकेशन बंद करा आणि कामाला लागा. आमच्या काळी टपरीवर गप्पा व्हायच्या, तिथेही सगळ्यांना बोलावणं नसायचं. आणि ग्रुप सोडला की सगळ्यांना कळतं, हे तुम्ही चुकीचं लिहिलंय.”

नमस्कार.

शेवटचं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप सोडला तर सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘रडगाणं’ हा शब्द मला सोडून देता येत नाही. एकोणीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसतेय. नोव्हेंबर २०१६ मध्ये रात्री अकरा-अकरापर्यंत नोटा मोजल्या, बोटांची सालं निघाली, घरी मुलगी तापाने फणफणलेली. तेव्हा कुणाजवळ रडले नाही. ज्या बाईची तुम्हाला कणभर माहिती नाही, तिला एका ओळीत रडकी ठरवण्याआधी लेख शेवटपर्यंत तरी वाचायचा होता.

आमची शाखा सात जणांची. ‘शाखा सूचना’ नावाचा एक ग्रुप सगळ्यांचा. गेल्या वर्षी त्यावरची वर्दळ हळूहळू आटली. मी काही विचारलं की फक्त अंगठा यायचा. सकाळी सगळे एकाच गोष्टीवर हसत असायचे आणि मी जवळ गेले की विषय पावसावर जायचा. मी स्वतःलाच समजावत होते की वय झालं, आपल्याला विनोद कळेनासे झाले.

मग एका दुपारी शेजारच्या सहकाऱ्याने खातेदाराचं आधार प्रिंट करायला व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं. मी कागद घ्यायला मागे उभी होते. डावीकडच्या यादीत सगळ्यात वर ग्रुपचं नाव होतं, ‘आपण सहा’. त्याखाली शेवटचा मेसेज: “बाईसाहेबांचा डबा आज परत वांगं 😂”. त्याने घाईने टॅब बंद केला. प्रिंटरमधून कागद आला, तो मी घेतला आणि काउंटरवर येऊन पुढचा टोकन नंबर पुकारला. सात जणांच्या शाखेत ‘आपण सहा’. नावातच मला वजा केलं होतं.

तरीही वांग्यावर मी लेख लिहिला नसता. लिहिला तो तिजोरीमुळे, आणि नेमका तोच भाग तुम्ही गाळलात. तिजोरी जॉइंट कस्टडीत असते. एक किल्ली माझ्याकडे, एक अधिकाऱ्याकडे, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. जादा रोकड करन्सी चेस्टला, म्हणजे नोटांच्या मोठ्या कोठाराला, पाठवायची गाडी आमच्याकडे अकराला येते. त्या सोमवारी ती पावणेनऊला येणार होती. हे रविवारी रात्री ‘आपण सहा’वर टाकलं गेलं, दोन विनोदांच्या मध्ये. सगळ्यांनी वाचलं, सगळ्यांना वाटलं की सगळ्यांना कळलं. मी नेहमीसारखी पावणेदहाला पोचले, तर बंदूकधारी गार्डसह गाडी तासभर उभी. मेमो मला मिळाला. उत्तरात “मला कळवलं नव्हतं” असं लिहिलं, तर “ग्रुपवर टाकलं होतं” असं सांगण्यात आलं.

माझं म्हणणं एवढंच होतं. गप्पांच्या ग्रुपवर माणसं दिवसभर असतात, म्हणून कामाचे निरोपही तिकडेच पडू लागतात. रजेची अदलाबदल, गाडीची वेळ, साहेबांचा मूड. कुणी कट करत नाही, पण जो बाहेर राहतो त्याच्या हातून चुका होतात आणि नोंद त्याच्या नावावर होते.

आणि दुखण्याबद्दल म्हणाल तर किप्लिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत २००० साली संगणकावरच्या झेलाझेलीच्या साध्या खेळावरून हे तपासलं. थोडा वेळ खेळात घ्यायचं, मग घेणं थांबवायचं. अनोळखी माणसांनी टाळलं तरी खेळणारा खट्टू व्हायचा. २००४ मध्ये तर काहींना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणक खेळतोय. तरी त्यांना लागलंच. माझ्या समोर तर रोज एकाच टेबलावर जेवणारी सहा माणसं होती.

नोटिफिकेशनबद्दल काय लिहू? ज्या ग्रुपमध्ये मला घेतलंच नाही, त्याचं नोटिफिकेशन मी बंद कुठून करू?

टपरीवर मी वाद घालत नाही. तुमच्या टपरीवर तिजोरी उघडायची वेळ ठरत असे का, आणि ठरत असेल तर किल्लीवाल्याला कोण सांगायला जायचं, एवढं मात्र जरूर कळवा. ‘रडगाणं’ हा शब्द मागे घेतलात तर तेही कळवा. प्रतिक्रिया काढणार नाही, तशीच ठेवतेय.