412 की 421? — हो.

मला फक्त एक आकडा हवा होता. वार्षिक अहवालाचं पान 7, त्यावर एक तक्ता, त्यात तिसऱ्या तिमाहीत किती जणांनी ट्रेनिंग घेतलं त्याची चौकट. मसुद्यात 412 होतं, ट्रेनिंगवाल्यांच्या शीटमध्ये 421. कोणीतरी टाइप करताना अंकांची अदलाबदल केली होती आणि तो कोणीतरी मी नव्हतो असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. खरा आकडा मॅडमना माहीत, कारण त्या पानाखाली सही त्यांची. फाइल पुढच्या शुक्रवारी सकाळी 10 ला छपाईला जाणार. आठवडा हातात होता. एक मेल टाकायचा, एक आकडा येणार, विषय संपला.

त्या मेलला मी पावणेदोन तास घेतले. हो, मोजले नंतर.

पहिला अर्धा तास मायन्यात गेला. 'आदरणीय' लिहिलं तर निवृत्तीच्या भाषणासारखं वाटत होतं, नुसतं 'मॅडम' लिहिलं तर रागावल्यासारखं, शेवटी 'नमस्कार मॅडम, आशा आहे आपण कुशल असाल' वर आलो. मॅडम कुशल होत्या, मला माहीत होतं, दहा मिनिटांपूर्वीच त्या माझ्या टेबलासमोरून चालत गेल्या होत्या (तेव्हाच विचारायला काय झालं होतं, हा प्रश्न कृपया विचारू नका, मेल टाकला की लेखी राहतं असा आमच्याकडे समज आहे). मग अहवालाचा इतिहास लिहिला. मसुदा कधी झाला, कोणी कोणी हातभार लावला, मधे फाइल करप्ट झाली होती आणि आम्ही ती कशी वाचवली. मग वाटलं एवढा मेल टाकतोच आहे तर कव्हरचा रंगही विचारून घेऊ, आणि प्रस्तावनेसोबतचा फोटो जुनाच ठेवायचा का तेही. आकड्याचा प्रश्न कुठेतरी चौथ्या परिच्छेदात, 'तसेच' या शब्दानंतर आला. शेवटी 'आपल्या सोयीनुसार लवकरात लवकर कळवावे', म्हणजे सोय पण तुमची आणि घाई पण तुमची. सोबत अख्खा अहवाल, 64 पानं, 18 एमबी.

आणि विषय? विषय राहिलाच होता. मॅडमचा पत्ता शोधायचा कंटाळा आला म्हणून त्यांचा एक जुना मेल काढून रिप्लाय दाबला होता, त्यामुळे अहवालाबद्दलचं ते सगळं महाभारत 'Re: पार्किंगच्या जागेबाबत' या नावाने गेलं. आणि सीसीत नऊ जण. नऊ जणांसमोर प्रश्न ठेवला की प्रत्येकाला वाटतं उरलेल्या आठांपैकी कोणीतरी बघेल, आणि ते आठही अगदी तसंच समजून निवांत बसतात.

शुक्रवारी पाठवला. सोमवारी रात्री उत्तर आलं: 'निळा छान वाटतोय.'

बस्स. आकडा नाही, फोटो नाही. मला राग आला, मग मी माझा मेल परत वाचला आणि राग जरा कमी झाला, कारण मी तीन गोष्टी विचारल्या होत्या आणि त्यांनी त्यातल्या सगळ्यात सोप्या गोष्टीचं उत्तर देऊन टाकलं होतं. माणूस तेच करतो. रंग सांगायला फाइल उघडावी लागत नाही. आणि एकदा उत्तर गेलं की तो मेल त्यांच्या हिशेबी संपला, परत कोण उघडतंय.

मंगळवारी हे रडगाणं मी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंसमोर गायलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण त्यांचे मेल चार ओळींचे असतात आणि त्यांना उत्तरं येतात, त्यामुळे ऑफिसात त्यांचा दरारा आहे. त्यांनी काही न बोलता स्वतःचा मोबाइल पुढे केला, त्यांना पण मी सीसीत ठेवलं होतं ना. म्हणाल्या, "बघा, मॅडमना तुमचा मेल असा दिसला असणार. लिफ्टमध्ये, एका हातात फाइली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिस्ट सरकवतायत."

स्क्रीनवर तीन गोष्टी होत्या: माझं नाव, खाली 'Re: पार्किंगच्या जागेबाबत', आणि त्याखाली फिकट अक्षरात 'नमस्कार मॅडम, आशा आहे आपण कुश…'

कुश. बास. मेल न उघडता जेवढं दिसतं तेवढ्या जागेत मी पार्किंग आणि कुश एवढंच पोचवलं होतं. त्या म्हणाल्या की मोबाइलवर विषयाची साधारण 30-40 अक्षरं दिसतात, पुढची कापली जातात, आणि त्याला लागून मेलची पहिली ओळ दिसते, म्हणजे मागणी मांडायला एवढीच काय ती जागा. तिथे तब्येतीची चौकशी केली तर चौकशीच पोचते.

"आता सांगा, तुम्हाला नक्की काय हवंय? एका वाक्यात. मधे श्वास न घेता."

मी तीनदा श्वास घेतला. चौथ्या प्रयत्नाला निघालं: पान 7 वरचा आकडा कोणता ते मॅडमनी गुरुवारी दुपारी 4 पर्यंत सांगायला हवं. "झालं, हाच मेल," त्या म्हणाल्या, "बाकीचं सगळं ह्या वाक्याला उत्तर द्यायला मदत करतं का बघा, नाही तर काढा." फाइल करप्ट झाल्याची गोष्ट काढताना मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यात माझा थोडा पराक्रम होता. प्रस्तावनेच्या फोटोला त्यांनी वेगळा मेल दिला, वेगळ्या विषयाचा. सीसीतले नऊच्या नऊ उडवले. "ज्याने उत्तर द्यायचंय तोच 'टू'मध्ये. एकच."

मग मी मोठ्या उत्साहाने नवा मेल उघडला (नवा! जुन्याला रिप्लाय नाही!) आणि विषय लिहिला: 'पान 7: 412 की 421? गुरुवार 4 पर्यंत'. मलाच तो इतका आवडला की कोणाला दाखवायच्या आधीच पाठवून टाकला.

बारा मिनिटांत उत्तर. 'हो.'

हो म्हणजे काय हो? मी ते उत्तर खूप वेळ बघत बसलो. हो, 412? हो, 421? हो, बघते? सहकारी बाई इतक्या हसल्या की पलीकडच्या रांगेतून कोणीतरी वाकून बघितलं. मग त्यांनी समजावलं की घाईत वाचणारा माणूस प्रश्नचिन्ह बघतो आणि 'हो' किंवा 'ओके' टाइप करतो, त्यामुळे 'हे की ते' असं विचारायचंच नाही. आपल्याला जास्त बरोबर वाटतो तो एक पर्याय पुढे करायचा आणि प्रश्न असा ठेवायचा की नुसत्या 'हो'ने काम संपेल.

मी म्हटलं, मग त्यापेक्षा असं लिहितो ना, 'उत्तर आलं नाही तर 421 धरतो'. मला ही युक्ती कुठूनतरी कळली होती आणि वापरायची फार हौस होती. त्या एकदम गंभीर झाल्या. मीटिंगची खोली बदलायची असेल, कव्हरचा निळा निवडायचा असेल, तिथे हे चालतं, कारण चुकलं तरी परत बदलता येतं. पण ज्याच्याखाली दुसऱ्याची सही जाणार आणि जे छापून निघणार, तिथे गप्प बसण्याला होकार समजायचं नाही. "तिथे उत्तर नाही आलं तर 4 वाजून 5 मिनिटांनी फोन करायचा." फोन! मेल लिहायला मी बसलोच होतो तो फोन टाळायला.

बुधवारी सकाळी, त्यांच्या देखरेखीखाली, हा मेल तयार झाला:

विषय: 421 छापू का? पान 7, गुरुवार 4 पर्यंत

नमस्कार मॅडम,
पान 7 वर तिसऱ्या तिमाहीतल्या ट्रेनिंगचा आकडा 421 छापू का? मसुद्यात 412 आहे, ट्रेनिंग टीमच्या शीटमध्ये 421.
फाइल शुक्रवारी सकाळी 10 ला छपाईला जाते, म्हणून गुरुवारी दुपारी 4 पर्यंत 'हो' किंवा बरोबर आकडा कळवाल का?
त्या तक्त्याचा फोटो खाली आहे.

64 पानांऐवजी फक्त तक्त्याचा फोटो, तोही मेलमध्येच चिकटवलेला, म्हणजे काहीही न उघडता चौकट दिसेल. विषयात 'अर्जंट' लिहू का असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, गुरुवार 4 लिहिलंय ना, अर्जंट तर सगळेच लिहितात. माझ्या जिवाला मात्र चैन नव्हतं. एवढा छोटा मेल उद्धट वाटणार नाही? म्हणून त्यांची नजर चुकवून मी शेवटी 'आपल्या अमूल्य वेळाबद्दल आगाऊ आभार' टाकलं. त्यांनी मागे वळून न बघता सांगितलं, "काढा. अमूल्य म्हणताय आणि त्यातलाच घेताय."

पत्ता सगळ्यात शेवटी भरला, कारण पत्ता नसला की चुकून बोट लागलं तरी मेल जात नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला मुळात 5 सेकंद मिळतात, सेटिंगमध्ये जाऊन ते 30 करता येतात. मी 30 करून ठेवले आणि पाठवल्यावर ते तीसही सेकंद माउस त्या बटणावर धरून बसलो होतो.

सहा मिनिटांनी उत्तर आलं.

'नाही. 419. ती शीट जुनी आहे.'

म्हणजे मसुदा चूक, शीट चूक, आणि मी आठवडाभर ज्या दोन आकड्यांच्या मधे लटकत होतो ते दोन्ही चूक. 'किंवा बरोबर आकडा' हे तीन शब्द मी जागा वाचवायला काढणार होतो, बाईंनी काढू दिले नव्हते. त्यांना बातमी सांगितली तर म्हणाल्या, "आता त्याच मेलला उत्तर द्या, '419 केलं, धन्यवाद', आणि थांबा." मी थांबलो. अवघड गेलं पण थांबलो.

शुक्रवारी 10 ला फाइल गेली.

सोमवारी सकाळी मॅडमचा मला मेल. विषय: 'अहवालाबाबत'. सुरुवात 'आशा आहे आपण कुशल असाल'पासून, मग छपाईची पार्श्वभूमी, पुढच्या वर्षीच्या आराखड्याचा इतिहास, सीसीत अकरा जण, आणि वेगवेगळ्या परिच्छेदांत तीन प्रश्न: पुढच्या अहवालाचं वेळापत्रक कधी देता, मागच्या पाच वर्षांचे सगळे तक्ते पडताळून कोण देणार, आणि कव्हर पुढच्या वेळी पण निळंच ठेवायचं का.

मी दोनदा वाचला. मग उत्तर लिहिलं: 'हो मॅडम, निळंच छान वाटतं.'