ग्रंथालयातील स्कॅनरसह प्रिंटरसाठी व्यवस्थापनाला दिलेले पत्र

सीमाभागातील इतर ग्रंथपालांनाही उपयोग व्हावा, म्हणून काल संस्थेकडे सादर केलेले पत्र येथे देत आहे.

मा. अध्यक्ष व व्यवस्थापन मंडळाचे सदस्य यांस,

विद्यार्थ्यांच्या वापरासाठी ग्रंथालयात स्कॅनर असलेला लेझर प्रिंटर घेण्यास येत्या अंदाजपत्रकात तरतूद व्हावी, ही विनंती.

गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातून एस.टी.ने येणाऱ्या आपल्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीसाठी पीयूसीच्या मार्क्सकार्डाचा मोबाईलवर फोटो काढला. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकल्याने क्रमांकातील दोन आकडे पुसले गेले आणि अर्ज परत आला. मग झेरॉक्सच्या दुकानात रंगीत स्कॅन केले, तर फाइल इतकी मोठी झाली की ती चढेना. याचे कारण साधे आहे: ए-फोर कागद ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू धरून, स्कॅन केला की एकूण सुमारे ८७ लाख बिंदू होतात, तोच १५० डीपीआयला केला तर चौथा हिस्सा, म्हणजे साधारण २२ लाख, आणि छापील अक्षरे तेवढ्यातही स्वच्छ वाचता येतात. ही निवड मुलांना शेजारी बसून दाखवावी लागते, आणि दुकानदाराला तेवढा वेळ नसतो.

यंत्राला सपाट काच आणि कागद ओढून घेणारा फीडर, दोन्ही हवेत. पुस्तकाचे पान काचेवरच ठेवावे लागते. नाडकचेरीतून मिळालेला जुना, घडीवर फाटत आलेला दाखला फीडरमध्ये घातला तर तो हमखास फाटेल. उलट लीगल आकाराचे प्रतिज्ञापत्र ए-फोर काचेवर मावत नाही, त्यासाठी त्या आकाराचा कागद घेणारा फीडर लागतो.

शाईच्या टाकीचा प्रिंटर स्वस्तात रंगीत छपाई देतो, हे मला मान्य आहे. तरीही मे महिन्याच्या सुट्टीत तो बंद राहिला की शाई वाळून नळ्या तुंबण्याची भीती असते. टोनरची पूड वाळत नाही, म्हणून माझा आग्रह लेझरचा आहे.

माझी खरी चिंता खरेदीनंतरच्या खर्चाची आहे. आठवडाभर नोंद ठेवली असता रोज सुमारे ४० पानांची मागणी दिसली. महिन्याचे २२ दिवस आणि वर्षाचे १० महिने धरले, तर ८,८०० पाने होतात, म्हणजे १,५०० पानांची सहा टोनर कार्ट्रिज. यंत्रासोबत येणारे पहिले कार्ट्रिज बहुधा कमी भरलेले असते, त्यामुळे ते या हिशेबात धरू नये. टोनर, कागद आणि दुरुस्ती यांसाठी दरवर्षीचे वेगळे शीर्ष मंजूर झाले नाही, तर चांगले यंत्र दुसऱ्या सत्रातच कापडाखाली झाकून ठेवावे लागेल.

यंत्र तापताना एकदम जास्त वीज ओढते, त्यामुळे ते संगणकाच्या लहान यूपीएसवर न लावता स्वतंत्र प्लगवर लावावे लागेल. तो खर्चही याच प्रस्तावात धरावा.

तीन दरपत्रके सोबत जोडली आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होण्यापूर्वी निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
ग्रंथपाल